पुन्हा पुन्हा येणारं विनोदी पात्र, त्याची लकब आणि पालुपद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किटची मालिका लिहिणारे बरेच जण साधारण तेच प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. उदाहरणं वेगवेगळी घेतली तर गोंधळ होतो, त्यामुळे जवळजवळ सगळीकडे एकच पात्र वापरलं आहे: दप्तरे काका. हे पात्र मी या पानासाठीच रचलं. काका निवृत्त आहेत आणि बारीकसारीक गोष्टसुद्धा एका लाल वहीत लिहून ठेवतात.

लकब आणि पालुपद यात नक्की फरक काय? दोन्ही हवंच का?

लकब म्हणजे पात्र जे करतं ते, आणि पालुपद म्हणजे जे पुन्हा पुन्हा म्हणतं ते. दप्तरे काका काहीही उत्तर द्यायच्या आधी खिशातली पेन्सिल काढतात, बोट ओलं करतात आणि वहीची पानं उलटतात. ही लकब. त्यानंतर म्हणतात, “लिहून ठेवलंय मी.” हे पालुपद.

दोन्ही हवंच असं नाही. अजिबात न बोलणारं पात्र नुसत्या लकबीवर वर्षानुवर्षं चालतं. नुसत्या पालुपदावर उभं राहिलेलं पात्र मात्र लवकर दमतं, कारण वाक्य कानाला ऐकू येतं पण डोळ्यांना बघायला काही उरत नाही. एकच निवडायचं झालं तर मी लकब निवडेन.

मला पालुपद आधी सुचलं आहे, पात्र अजून नाही. उलट्या बाजूने सुरुवात केली तर चालेल का?

चालेल, पण मग एक काम जास्तीचं करावं लागतं. ते वाक्य हा माणूस का म्हणतो, हे शोधायचं. वाक्य नुसतं मजेशीर असेल तर पहिल्या तीन भागांत हशा येतो आणि चौथ्या भागात तेच वाक्य नटाच्या तोंडात चिकटवल्यासारखं वाटायला लागतं.

मी प्रत्येक पात्रासाठी आधी दोन ओळी लिहितो. पहिली, हा माणूस कोणती गोष्ट खरी मानतो. दुसरी, त्या समजुतीत भोक कुठे आहे. काकांच्या बाबतीत पहिली ओळ अशी: जे लिहिलेलं नाही ते घडलंच नाही. दुसरी ओळ: काका नोंदी तारखेप्रमाणे ठेवतात, पण त्यांना तारीख आठवत नाही. म्हणजे नोंद सापडायची तर स्मरणशक्ती हवी, आणि ती नाही म्हणूनच तर वही आहे. या दोन ओळी जमल्या की लकब आणि पालुपद शोधावं लागत नाही. वही येतेच, पानं उलटणं येतं, “लिहून ठेवलंय मी” हेही आपसूक येतं.

दुसरी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. “तो कंजूष आहे”, “ती भांडखोर आहे” एवढ्यावर थांबतात. कंजूषपणा हा स्वभाव झाला. त्यातून गोष्ट कुठे फसणार हे कळल्याशिवाय स्किट लिहिता येत नाही.

पालुपद चांगलं आहे की नाही हे शूटिंगच्या आधी कसं ओळखायचं?

माझी एक कसोटी आहे. तेच वाक्य, एक शब्दही न बदलता, चार वेगळ्या अर्थांनी म्हणता आलं पाहिजे. “लिहून ठेवलंय मी” घेऊन बघू.

खिडकीची काच फोडणाऱ्या मुलाला काका हे म्हणाले तर ती धमकी होते. वादात जिंकल्यावर म्हणाले तर फुशारकी होते. एखादा जुना मित्र वाईट वाटून म्हणतो, “माझा वाढदिवस कोणाच्याच लक्षात नाही,” आणि काका हळूच म्हणतात, “लिहून ठेवलंय मी,” तेव्हा ती माया होते. आणि काकू विचारतात, “माळा आवरायचं कोणी कबूल केलं होतं?” तेव्हा काका पान उघडतात, वाचतात, वही मिटतात आणि खाली बघत तेच म्हणतात. ती कबुली होते. चारही जागी हशा वेगळा येतो.

चार अर्थ निघत नसतील तर वाक्य बहुधा फार नेमकं आहे. “माझी वही कधी खोटं बोलत नाही” हे वाचायला जास्त मजेशीर वाटतं, पण त्यातून फुशारकीशिवाय काही निघत नाही. माया तर नाहीच नाही.

शब्दांची जागाही महत्त्वाची असते. “मी लिहून ठेवलंय” आणि “लिहून ठेवलंय मी” दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात माहिती आहे. दुसऱ्यात शेवटच्या “मी”वर जोर येतो आणि काकांची ऐट दिसते. शिवाय त्या “मी”च्या आधी नटाला किंचित थांबायला जागा मिळते. तालमीत नट हळूहळू वाक्य स्वतःच्या सोयीने फिरवतात आणि दोन महिन्यांनी मूळ क्रम कोणालाच आठवत नाही. म्हणून पालुपद अक्षरशः जसं हवं तसं कागदावर लिहून ठेवा. (काकांनी हेच केलं असतं.)

एका पात्राला किती लकबी द्याव्यात?

एक मोठी आणि फार तर एक बारीक. मोठी म्हणजे गोष्टीत कामाला येणारी, जशी वही. बारीक म्हणजे नुसती असणारी, जसं चष्मा कपाळावर ढकलून ठेवणं.

सुरुवातीच्या एका मालिकेत मी एकाच बाईला विचित्र चाल, नाक ओढणं, प्रत्येकाला टोपणनाव देणं आणि दोन पालुपदं, एवढं सगळं दिलं होतं. दहा भागांनंतर बघणाऱ्यांना विचारलं, “ती कशी आहे?” प्रत्येकाने वेगळं काहीतरी सांगितलं. नटीही बिचारी वाक्य म्हणायचं सोडून यादी पूर्ण करत बसायची. आम्ही टोपणनावं ठेवली आणि बाकी सगळं काढून टाकलं. तेव्हा कुठे ती बाई दिसायला लागली.

एका भागात पालुपद किती वेळा यावं?

मिनिट-दीड मिनिटाच्या व्हिडिओत एकदा, फार तर दोनदा. चार-पाच मिनिटांच्या स्किटमध्ये तीनदा. याहून जास्त झालं तर प्रेक्षक त्या वाक्याची वाट बघायचं सोडून देतो, आणि वाट बघणं हीच तर पालुपदाची खरी मजा असते.

तीनदा येणार असेल तर तिन्ही जागांचं काम वेगळं असावं. पहिल्यांदा ते सरळ येतं, ओळख करून देण्यापुरतं. दुसऱ्यांदा ते अडचणीत येतं, म्हणजे म्हटलं जातं खरं पण वही दगा देत असते. तिसऱ्यांदा ते उलटतं. एक तर अर्थ बदलतो किंवा बोलणारा बदलतो. प्रत्यक्ष कसं होतं ते खाली शिडीच्या स्किटमध्ये सांगितलं आहे.

कधीकधी एकदाही येत नाही, तेही चालतं. त्याबद्दल नियम मोडण्याच्या प्रश्नात लिहिलं आहे.

पहिल्या भागात पालुपद आलं आणि कोणी हसलंच नाही. वाक्य बदलू का?

इतक्यात नको. पहिल्यांदा ऐकलेलं पालुपद हे पालुपद नसतंच, ते साधं वाक्य असतं. हशा ओळखीचा असतो आणि ओळख व्हायला तीन-चार भाग जातात. पहिल्या भागात त्या वाक्यावर हशा यावा म्हणून नटाने डोळे मोठे करणं, थांबणं, कॅमेऱ्याकडे बघणं, असलं काही करू नका. तिथे ते सहज जाऊ दे. हशा त्याच्या पुढच्या-मागच्या विनोदावर मिळवा.

पाच-सहा भागांनंतरही पात्र एन्ट्री घेतं तेव्हा काही हालचाल नाही, पालुपद येणार हे कळूनही कोणी गालात हसत नाही, असं असेल तर मग बदला. त्यातही आधी वाक्य बदलू नका, जागा बदलून बघा. बऱ्याचदा वाक्य ठीक असतं, पण ते उत्तर म्हणून येत नसतं, घोषणेसारखं येत असतं. “लिहून ठेवलंय मी” हे कोणीतरी काहीतरी विचारल्यावरच आलं पाहिजे.

सगळे भाग सारखेच वाटायला लागले आहेत. पात्र बदलायला हवं का?

पात्र तसंच ठेवा, त्याच्यावर येणारं दडपण बदला. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून एक भाग पूर्ण उलगडून दाखवतो.

शेजारी दार वाजवतो. काका म्हणतात, बरं झालं आलात, माझी शिडी परत द्या. शेजारी म्हणतो, कुठली शिडी? काका शांतपणे पेन्सिल काढतात, बोट ओलं करतात. “लिहून ठेवलंय मी.” इथे पालुपद सरळ आलं.

आता नोंद शोधायची, पण तारीख माहीत नाही. काका शेजाऱ्यालाच विचारतात, “तुम्ही शिडी नेली तो वार कोणता?” शेजारी म्हणतो, मी नेलीच नाही तर वार कुठला सांगू? मग काका आठवतात, त्या दिवशी बहीण आली होती. बहिणीची नोंद सापडते. मोठ्याने वाचतात: “ताई आली. शेजारी दोन तास बसला. उठता उठेना.” शेजाऱ्याचा चेहरा पडतो. “हे तुम्ही लिहिलंय?” काका अडकतात. नाही म्हणावं तर वही खोटी ठरते. “लिहून ठेवलंय... मी.” इथे पालुपद अडचणीत आलं. शब्द तेच, फक्त मधला थांबा लांबला.

आता शेजारीच इरेला पेटतो. वही हिसकावतो, माझ्याबद्दल आणखी काय काय लिहिलंय ते बघतो. पानं उलटता उलटता थांबतो. वाचतो: “शेजाऱ्याकडून शिडी आणली. आठवणीने परत द्यायची आहे.” शांतता. शेजारी वही मिटतो, काकांच्या हातात देतो, मागे भिंतीला टेकवलेली शिडी उचलतो. जाता जाता म्हणतो, “लिहून ठेवलंय तुम्ही.” ब्लॅकआऊट.

यात काकांचा स्वभाव कुठेही बदललेला नाही. समजूत तीच, भोक तेच, हालचाल तीच. पुढच्या भागासाठी फक्त शेजाऱ्याच्या जागी डॉक्टर आणा. तो विचारतो, “दुखणं कधी सुरू झालं?” काकांकडे उत्तर आहे, पण वहीत गुडघ्याच्या शेजारी घरच्या सगळ्यांच्या तक्रारी लिहिल्या आहेत. शेजाऱ्यासमोर काकांना जिंकायचं होतं, डॉक्टरसमोर त्यांना काहीतरी लपवायचं आहे. भाग सारखे वाटतात ते याच ठिकाणी चूक झाल्यावर: माणसं बदलतात, पण प्रत्येक वेळी काकांना तीच गोष्ट हवी असते.

समोरची पात्रंही ठरावीक सवयींची असावीत का?

एक जण तरी साधा हवा. त्याला लकब नको, पालुपद नको, फक्त काम लवकर उरकायची घाई हवी. शिडीच्या स्किटमधला शेजारी असा आहे. काका बोट ओलं करतात तेव्हा आपण काकांकडे बघतो, पण हसतो ते शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून. दोन लकबीची माणसं एकमेकांसमोर उभी केली की दोघंही आपापला खेळ करत बसतात, कोणी कोणाचं ऐकत नाही.

कोणी मधलाच भाग पहिल्यांदा बघितला तर त्याला कसं कळणार?

लकब त्या भागात एकदा तरी पूर्ण दिसली पाहिजे. पेन्सिल, बोट, पानं, वाक्य, या क्रमाने, साधारण चार सेकंद. नव्या प्रेक्षकाला तेवढं पुरतं. त्यानंतर त्याच भागात ती तोकडी करा. दुसऱ्यांदा फक्त पेन्सिल खिशातून निघते आणि समोरचा म्हणतो, “नको, नको.” तिसऱ्यांदा काका पडद्यावर नसले तरी पानांचा आवाज पुरतो. जुन्या प्रेक्षकाला तो आवाजच आवडतो, आणि नव्यालाही दोन मिनिटांत तो कळायला लागतो.

ज्या भागात लकब सुरुवातीपासूनच तोकडी असते, तो भाग फक्त जुन्या प्रेक्षकांसाठी राहतो. तसे भाग क्वचित करावेत.

दोन-तीन जण मिळून लिहितो. पात्र एकसारखं राहावं म्हणून काय लिहून ठेवायचं?

एक पान पुरतं. त्यावर समजूत, भोक, पालुपद शब्दशः, मोठी लकब पायरी-पायरीने, आणि पात्र कधीही करणार नाही अशा तीन गोष्टी. ही शेवटची यादी सगळ्यात उपयोगी. काका कधीही वहीत खोटं लिहीत नाहीत. नोंद खोडत नाहीत. दुसऱ्याला वही आपणहून देत नाहीत. शिडीच्या भागात शेजाऱ्याला वही हिसकावावी लागली ती म्हणूनच. लेखक अडला की हात आपोआप याच नियमांकडे जातो आणि सोपा शेवट करायला एखादा मोडतो. पान समोर असेल तर निदान मोडताना कळतं तरी.

त्याच पानाला प्रॉपर्टीचा एक फोटो जोडा. आमच्या एका पात्राची पिशवी दोन शूटिंगच्या मध्ये हरवली. बाजारातून दुसरी आणली, ती जरा मोठी होती. गोष्टीत काहीच फरक पडत नव्हता, पण खाली दहा जणांनी विचारलं, “पिशवी बदलली का?” विनोदाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पेन्सिल कोणत्या हातात, वही कोणत्या खिशात, हेही फोटोत दिसू दे.

नेहमीचा नट मिळत नाही. दुसऱ्याने तेच पात्र केलं तर?

करू शकतो, पण नक्कल करायला लावू नका. नवा माणूस जुन्याचा आवाज काढायला गेला की प्रेक्षक तुलना करत बसतो. लकबीच्या पायऱ्या आणि पालुपदाचे शब्द तसेच ठेवा. वेग आणि आवाज त्याचा त्याला ठरवू द्या. मुखवट्यांवर चालणारी रंगभूमी हेच करत आली आहे. 16व्या शतकात इटलीत बहरलेल्या कॉमेडिया देल आर्तेमध्ये पात्रं ठरलेली असत, त्यांचे मुखवटे ठरलेले असत, संवाद मात्र नट आराखड्यावरून जागेवर रचत. नट बदलले तरी लोभी म्हातारा आणि भुकेला नोकर लोकांना लगेच ओळखू येत. आपल्याकडे संस्कृत नाटकातला विदूषकही असाच, नाटक कोणतंही असो, त्याचं लक्ष खाण्याकडे.

बोलताना अडखळणं किंवा लंगडणं ही लकब म्हणून वापरता येते का?

माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला विनोदाच्या बाजूनेही कारण आहे. लकब मजेशीर होते कारण ती माणसाने स्वतः निवडलेली असते आणि हट्टाने धरून ठेवलेली असते. काका वही बाजूला ठेवू शकतात, पण ठेवत नाहीत, म्हणून हसू येतं. अडखळणाऱ्याने काही निवडलेलं नसतं. त्यामुळे त्यातून पुढे काही घडत नाही, प्रत्येक भागात तोच एक धक्का उरतो. अडखळणारं पात्र मालिकेत जरूर असावं, पण त्याची लकब दुसरी हवी.

ओळखीच्या खऱ्या माणसावरून पात्र केलं असेल तरी असंच. त्याची समजूत घ्या. चेहरा, नाव, कपडे आणि शब्द बदला. आपलंच आहे हे त्याला कळलं आणि तरी तो हसू शकला, एवढं अंतर ठेवा.

ठरलेला नियम कधीच मोडायचा नाही का? काकांची वही हरवली तर?

मोडायचा, पण मालिकेत एखाद-दोनदाच, आणि नियम लोकांना पाठ झाल्यावर. वही हरवल्याचा भाग तिसरा असेल तर तो एक साधा भाग होतो. दहावा असेल तर काकांचा हात रिकाम्या खिशाकडे जातो तेवढ्यानेच हशा येतो.

अशा भागात पालुपद गाळता येतं. काका तोंड उघडतात, “लिहून...” आणि थांबतात. पुढचं वाक्य प्रेक्षक मनात पूर्ण करतात. एक धोका मात्र आहे. काका या भागात शहाणे होऊन वहीची गरजच नाही असं म्हणाले, तर अकराव्या भागासाठी पात्रच उरत नाही. वही सापडली पाहिजे, किंवा शेवटी काकांनी नवी वही उघडून पहिली नोंद करावी: “वही हरवली.” तारीख घालायला विसरावं.

लोक प्रत्येक भागात पालुपद मागतात आणि आम्हालाच कंटाळा आला आहे. काय करावं?

आधी कंटाळा कोणाला आला ते बघा. तुम्ही तालमीत, शूटिंगला आणि एडिटिंगमध्ये ते वाक्य शेकडो वेळा ऐकलेलं असतं. बघणाऱ्याने आठवड्यातून एकदा. लोक कंटाळले की ते तक्रार करत नाहीत, नुसते गप्प होतात. ते वाक्य मागायचं थांबतात.

लोक अजून मागत असतील तर वाक्य दुसऱ्यांच्या तोंडी द्या. काकू म्हणू दे, नातू म्हणू दे, डॉक्टर वैतागून म्हणू दे. काकांना त्यावर फक्त बघू दे. आम्ही एका पात्राचं पालुपद असं चार भाग इतरांकडे फिरवलं. पाचव्या भागात मूळ नटाने ते पुन्हा म्हटलं तेव्हा तालमीत आमचा कॅमेरामनच हसला आणि शॉट हलला. तोच हललेला शॉट आम्ही ठेवला.